डोंगर किल्ल्याला चिकटलेत!

सातवीच्या वर्गात प्रोजेक्टर लावून मी चित्र काढणाऱ्या एआय टूलला पहिली सूचना दिली ती अशी: "जादुई प्रदेश, नदी, किल्ला, उंच डोंगर, चित्रात भरपूर खोली." चित्र रंगीत आलं, पण गॅदरिंगच्या पडद्यासारखं सपाट. डोंगरावरची झाडंसुद्धा नदीकाठच्या गवताइतकीच ठळक. एक मुलगी म्हणाली, "सर, डोंगर किल्ल्याला चिकटलेत."

तिचं बरोबर होतं. नुसतं 'खोली' लिहून खोली येत नाही. डोळा ज्या खुणांवरून अंतर ओळखतो, त्या खुणा लिहाव्या लागतात. घाटात उभं राहून बघा. जवळची डोंगररांग हिरवी दिसते, तिच्यामागची करडी-निळी आणि शेवटची जवळजवळ आभाळात मिसळलेली. डोंगर जितका लांब, तितकी मधे हवा जास्त. ती हवा, तिच्यातली वाफ आणि धूळ प्रकाश विखुरतात, म्हणून गडद रंग फिकट आणि निळसर होत जातात. लिओनार्दो दा विंचीनेही हे लिहून ठेवलं आहे.

मग मुलांनी सूचना बदलली:

"रुंद आडवं चित्र, पहाट. अगदी पुढे डाव्या खालच्या कोपऱ्यात शेवाळलेला गडद खडक, स्पष्ट. खडकामागून वळण घेत जाणारी नदी, मधल्या भागात दगडी पूल, पुलावर लाल शालीतला छोटासा प्रवासी, पलीकडे धुक्यावर तरंगणारा किल्ला. लांब डोंगरांच्या तीन रांगा, मागची प्रत्येक रांग आधीच्यापेक्षा फिकट आणि निळसर."

खडकाने नदीचा थोडा भाग झाकला की खडक आपोआप पुढे येतो. प्रवासी मात्र सगळ्यात कामाचा. माणूस केवढा असतो हे डोळ्याला ठाऊक असतं, त्यामुळे किल्ला केवढा आणि किती लांब, याचा अंदाज बसतो.

तरी पहिल्या फटक्यात जमलं नाहीच. खडकाने अर्धं चित्र खाल्लं. "खडक चित्राच्या जेमतेम पाव भागात" एवढंच वाढवलं. एका वेळी एकच बदल करायचा, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. (तीच सूचना पुन्हा दिली तरी चित्र वेगळं येतं, तेव्हा दोन-तीनदा करून बघावं.)

पुढे एका मुलाने हौसेने डोंगरांना "चमकती बर्फाळ शिखरं, धबधबे" जोडले आणि डोंगर पुन्हा पुढे आले! लांबच्या गोष्टीला बारकावे दिले की टूल ते रेखीव काढतं. "बारकावे नकोत" लिहूनही बऱ्याचदा भागत नाही. त्यापेक्षा "धूसर, फक्त आकार दिसणारे डोंगर" असं लिहिलेलं बरं.

जमलं की नाही ते बघायला डोळे किलकिले करा, किंवा चित्र कृष्णधवल करा. गडद, मध्यम आणि फिकट असे तीन पट्टे वेगळे दिसले पाहिजेत. आमच्या चौथ्या चित्रात ते दिसले. नदी मात्र पुलाखालून न जाता बाजूने वाहत होती, आणि ते आधी मुलांनीच पकडलं.