शेवटच्या मजल्यापर्यंत पाणी

मे महिन्यात लखनौच्या गोमती नगरातल्या एखाद्या उंच कार्यालयाची कल्पना करा. पंपाजवळचा मजला गारठलेला, सर्वांत दूरचा उकडतोय. पहिला संशय चिलरवर येतो. पण थंड पाणी कमी अडथळ्याच्या वाटेने जास्त वाहते, आणि जवळची वाट सोपी असते.

समजा, प्रत्येक मजल्याला 40 टन शीतकरण हवे. पाणी 5.5 अंशांनी तापून परतणार असेल, तर ताशी सुमारे 22 घनमीटर प्रवाह लागतो. बॅलन्सिंग व्हॉल्व्हच्या दोन टोकांना मापक जोडून दाबातला फरक बघायचा. प्रवाहाचे सूत्र असे:

Q = Kv × √Δp

Kv 50 असताना जवळच्या व्हॉल्व्हवर 0.436 बार दिसले, म्हणजे प्रवाह 33, दूरच्यावर 0.048, म्हणजे 11. गरजेच्या दीडपट आणि निम्मा! जवळच्या मजल्याचे परतीचे पाणी कमी तापलेले असते, हीच खूण.

मापनाआधी गाळण्या साफ करून हवा काढावी, नाहीतर चोंदलेल्या गाळणीचाच अडथळा जुळवला जाईल. जवळचा व्हॉल्व्ह थेट 22 वर आणायचा मोह टाळावा, कारण तो आवळताच दूरचा प्रवाह वाढतो. दूरचा पूर्ण उघडा ठेवून बाकीच्यांचे गरजेशी प्रमाण त्याच्याइतके करत यायचे. प्रमाण सारखे झाले की पंपाच्या वेगाने सगळे एकदम 22 वर येतात.

ही जुळणी पूर्ण भारासाठीची. संध्याकाळी काही मजल्यांचे नियंत्रण व्हॉल्व्ह मिटले की उरलेल्यांत पुन्हा जास्त पाणी घुसते.