नवं मशीन आलं, पण पॉलिसीला कळलं का?

भोसरीतला एक छोटा कारखाना धरा. आगीच्या पॉलिसीत यंत्रसामग्रीची विमा रक्कम ६० लाख, मुदत १ एप्रिल ते ३१ मार्च. सप्टेंबरअखेर कर्ज काढून नवं व्हीएमसी मशीन आलं. मशीन, वाहतूक, क्रेन, फाउंडेशन आणि वायरिंग मिळून खर्च ३० लाख. जीएसटीचा परतावा मिळणार असल्याने तो यात धरलेला नाही. बँकेची कागदपत्रं चोख झाली, पूजाही झाली. विमा कंपनीला मात्र कुणी कळवलं नाही.

मालकाला वाटतं, फार तर नव्या मशीनला विमा नसेल, जुन्यांना तर आहे. इथेच गफलत होते. नुकसान झालं की सर्व्हेअर कारखान्यातली सगळी यंत्रं मोजतो. माल ९० लाखांचा, विमा ६० लाखांचा. मग जुन्याच लेथचं ९ लाखांचं नुकसान झालं, तरी ढोबळ हिशेबात हाती दोन तृतीयांश, म्हणजे ६ लाखच येतात. एप्रिल २०२१ पासून लघुउद्योगांसाठी आलेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत वर्षभरात वाढलेल्या मालमत्तेसाठी १५ टक्क्यांपर्यंत सोय आहे. पण ६० लाखांचे १५ टक्के म्हणजे ९ लाख; ३० लाखांचं मशीन त्यात कसं मावणार?

उपाय एका अर्जाचा. त्यात पॉलिसी क्रमांक, कारखान्याचा पत्ता, मशीनची कंपनी, मॉडेल आणि सीरियल नंबर लिहायचा, बिलं जोडायची आणि मागणी नेमकी मांडायची: ‘यंत्रसामग्रीची विमा रक्कम ६० लाखांवरून ९० लाख करून एंडॉर्समेंट द्यावी.’ कर्ज असेल तर बँकेचं नावही घालायला सांगायचं. ‘नवीन मशीनची नोंद घ्यावी’ एवढ्यावर भागवू नये. नोंद होते, रक्कम तशीच राहते.

हप्ता उरलेल्या दिवसांचाच पडतो. दर हजारी दीड रुपया धरला तर ३० लाखांचे वर्षाचे ४,५०० रुपये. १ ऑक्टोबरपासून १८२ दिवसांचे साधारण २,२४४, वर १८ टक्के जीएसटी. एवढ्याशा रकमेपायी लोक मार्चच्या नूतनीकरणाची वाट पाहतात, हे मला कधीच उमगलेलं नाही. मात्र विमा कायद्याच्या ६४ व्हीबी कलमानुसार हप्ता जमा होण्याआधी जोखीम सुरू होत नाही. नुसता ईमेल टाकून निश्चिंत होता येत नाही, मागची तारीखही मिळत नाही.

एंडॉर्समेंट हातात आली की पत्ता आधी वाचावा. मशीन शेजारच्या भाड्याच्या गाळ्यात बसवलं असेल आणि कागदावर जुनाच गाळा असेल, तर दाव्याच्या वेळी वाद होतो. आणि स्पिंडल आपोआप बिघडला तर या पॉलिसीतून काही मिळत नाही. त्यासाठी मशिनरी ब्रेकडाऊन पॉलिसी वेगळी घ्यावी लागते.