आबा मेले, म्हणजे काय झालं?

असं एक घर डोळ्यांसमोर आणा. पहाटे आबांच्या छातीत कळ आली, दवाखान्यात नेलं, पण हृदय पुन्हा सुरू झालं नाही. दुपारपर्यंत माणसं जमू लागली. साडेचार वर्षांच्या नातीला शेजारच्या काकूंकडे नेऊन बसवलं. तिने विचारलं, आबा कुठंयत? एकाने सांगितलं झोपलेत, दुसऱ्याने सांगितलं गावाला गेलेत, आणि आत्याने डोळे पुसत सांगितलं, देवाघरी गेले गं.

तिघांचाही हेतू एकच, लेकराला त्रास होऊ नये. पण या वयाच्या मुलीला मृत्यू कसा दिसतो, हे आधी पाहायला हवं. मारिया नाज या हंगेरियन मानसशास्त्रज्ञ बाईंनी बुडापेस्टमधल्या मुलांशी बोलून, त्यांच्याकडून चित्रं काढून घेऊन केलेला अभ्यास 1948 साली प्रसिद्ध झाला. त्यात साधारण पाच वर्षांखालच्या मुलांना मरण म्हणजे एक तर झोप वाटत होती, नाहीतर कुठेतरी लांब जाणं. मेलेला माणूस तिथेही जेवतो, विचार करतो, फक्त जरा कमी, असं ती मानत होती. आता आपली वाक्यं पुन्हा ऐका. झोपलेत, गावाला गेलेत. मुलीचा जो गैरसमज मुळातच आहे, त्यालाच आपण मोठ्या माणसाचा शिक्का मारून देतो.

त्याचे परिणाम काही दिवसांनी दिसतात. मुलगी रात्री झोपायला तयार होत नाही. बाबा दुपारी आडवे झाले की त्यांच्या पापण्या बोटांनी उघडून बघते. गावाला गेलेत असं ऐकलेली मुलगी वाट बघते आणि मनातल्या मनात रुसते, की आबा मला न सांगता गेले, एक फोनही करत नाहीत. देवाने नेलं म्हटलं, तर तोच देव उद्या आईलाही नेईल. घरचे म्हणतात, काय झालंय हिला, हट्टी झालीये. ती हट्टी नाही. तिने आपला शब्द अगदी खरा मानला आहे.

मग काय सांगायचं? सांगणारं माणूस आई किंवा बाबा असावं, म्हणजे मुलीचं रोजचं माणूस, आणि त्याच दिवशी. उशीर केला की ती दाराआडून अर्धंमुर्धं ऐकते. तिला जवळ घ्यावं आणि म्हणावं, ‘सोनू, एक खूप वाईट गोष्ट झालीये. आज सकाळी आबा मेले. त्यांचं हृदय बंद पडलं. माणूस मेला की त्याचं शरीर काम करायचं थांबतं. आबा आता श्वास घेत नाहीत, त्यांना ऐकू येत नाही, भूक लागत नाही, काही दुखत नाही. ते परत येणार नाहीत. मला खूप रडू येतंय, कारण मला त्यांची आठवण येतेय.’ एवढं झालं की थांबावं. ‘मेले’ हा शब्द आपल्या कानाला कठोर लागतो, ओठांवर येत नाही. पण मेलेला मुंगळा, मेलेलं फुलपाखरू तिने पाहिलेलं असतं. या शब्दाला तिच्याजवळ काहीतरी अर्थ आहे, ‘निधन’ आणि ‘वारले’ यांना नाही.

एवढं ऐकून ती म्हणेल, मी खेळायला जाऊ? जाऊ द्यावं. तिचं प्रेम कमी होतं असं नव्हे. लहान मुलांचं दुःख थोडं थोडं येतं, मध्ये खेळ असतो, आणि मग जेवताना अचानक प्रश्न येतो.

कारण सांगताना मात्र सावध राहायला हवं. ‘आजारी होते म्हणून गेले’ एवढंच सांगितलं, तर पुढच्या सर्दीत ती घाबरेल. ‘आबांच्या हृदयाला मोठा आजार झाला होता. तुला सर्दी-ताप येतो तसा तो नव्हता. सर्दी-तापाने माणसं बहुतेक वेळा बरी होतात’ हा फरक उघड सांगावा. आणखी एक गोष्ट तिने विचारली नाही तरी सांगावी. आदल्या संध्याकाळी ती आबांवर चिडली असेल, ‘मी तुमच्याशी बोलणार नाही’ म्हणाली असेल. या वयात मनात आलेलं आणि बोललेलं खरं होतं असं मुलांना वाटतं. म्हणून, ‘तू काही बोललीस, काही केलंस म्हणून आबा मेले नाहीत.’

सगळ्यात अवघड प्रश्न आपल्याकडे दहनाचा. ‘आबांना जाळलं?’ हे ती कुणा मोठ्या भावंडाकडून ऐकतेच, आणि मनात जिवंत आबा आगीत दिसतात. इथे क्रम महत्त्वाचा आहे. शरीराला आता काहीच जाणवत नाही, हे तिला आधी कळलेलं हवं. तेच पुन्हा विचारून घ्यावं: ‘आबांना आता चिमटा काढला तर दुखेल का?’ ती नाही म्हणाली, की पुढे जावं. ‘मेलेल्या माणसाचं शरीर घरी ठेवता येत नाही. म्हणून ते स्मशानात नेऊन अग्नी देतात. आबांना भाजलं नाही, कारण त्यांच्या शरीराला काही कळत नव्हतं. मग राख आणि थोडी हाडं उरतात, त्यांना अस्थी म्हणतात. त्या नदीत सोडतात.’ ती हो म्हणाली, मात्र दुखेल असं म्हणाली, तर अग्नीची गोष्ट त्या क्षणी पुढे नेऊ नये, शरीर थांबतं म्हणजे काय हेच पुन्हा सांगावं. ज्या घरांत दफन करतात तिथे हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो, मातीखाली आबा श्वास कसा घेणार? उत्तराची सुरुवात तिथेही तीच.

अंत्यदर्शनाला न्यावं का? तिला विचारावं, पण काय दिसेल ते आधी सांगून: आबा जमिनीवर असतील, नाकात कापूस असेल, हात गार लागेल, माणसं मोठ्याने रडत असतील. तिच्यासोबत असं एक माणूस हवं, जे ती म्हणेल तेव्हा तिला बाहेर घेऊन जाईल. नाही म्हणाली तर आग्रह नको.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवतो आणि कुणीतरी म्हणतं, बघ, आबा आले. परत येणार नाहीत असं कळलेली मुलगी इथे गोंधळते. श्रद्धा लपवायची गरज नाही, ती श्रद्धा म्हणून सांगावी. ‘आबांचं शरीर थांबलं, ते परत येणार नाहीत. आपल्या घरात असं मानतात की त्यांचा आत्मा देवाजवळ आहे. आणि त्यांची आठवण म्हणून आपण त्यांच्या आवडीचं जेवण ठेवतो.’ आधी शरीराची गोष्ट पक्की, मग देवाची. उलट क्रमाने सांगितलं की ती देवाघरचा पत्ता मागते.

एके रात्री ती विचारेल, आई, तू पण मरशील? ‘नाही’ म्हणण्याचा मोह आवरावा. ‘सगळी माणसं कधीतरी मरतात. बहुतेक माणसं खूप म्हातारी झाल्यावर. मी आत्ता बरी आहे, आणि खूप वर्षं तुझ्याजवळ राहीन असं मला वाटतं. आणि माझ्याशिवाय बाबा, आजी, आत्या पण तुझी काळजी घेतील.’ या प्रश्नामागे बऱ्याचदा, मला जेवायला कोण देईल, हीच चिंता असते.

हे सगळं एका दिवसात समजणार नाही. मार्क स्पीस आणि सँडर ब्रेंट या अमेरिकी संशोधकांनी 1984 साली तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. मेलेलं परत येत नाही, शरीराची सगळी कामं थांबतात, प्रत्येकाला मरण आहे, या तिन्ही गोष्टी बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या दरम्यान कळतात, असं त्यांना दिसलं. म्हणजे साडेचार वर्षांची नात आठवड्याने पुन्हा विचारणारच, आबा माझ्या वाढदिवसाला येतील का? तेव्हा चिडू नये, शब्दही बदलू नयेत. तेच उत्तर, त्याच शब्दांत द्यावं. काही महिने उलटूनही ती झोपत नसेल, खात नसेल, खेळायची पूर्ण थांबली असेल, किंवा मलाही मरून आबांकडे जायचंय असं पुन:पुन्हा म्हणत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना किंवा मुलांच्या समुपदेशकांना दाखवावं. भातुकलीत बाहुलीला तिरडीवर ठेवून ‘मेली’ म्हणत असेल, तर तो खेळ थांबवू नये. ऐकलेलं ती तिथे समजून घेत असते.