बोडे आलेख : सरळ रेषांनी काढलेला वारंवारता-प्रतिसाद

रेषीय यंत्रणेला साइन लहर दिली की सुरुवातीची गडबड ओसरल्यावर बाहेरही त्याच वारंवारतेची साइन लहर मिळते. बदलतात त्या दोनच गोष्टी. लहरीची उंची कमी-जास्त होते आणि लहर मूळ लहरीच्या मागे किंवा पुढे सरकते. पहिला बदल डेसिबेलमध्ये आणि दुसरा अंशांमध्ये मोजून वारंवारतेनुसार काढलेल्या आलेखांच्या जोडीला बोडे आलेख म्हणतात. अमेरिकेतील बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये काम करणारे हेंड्रिक बोडे यांनी ही पद्धत 1930 च्या दशकात रूढ केली. या आलेखासाठी प्रत्येक वारंवारतेला आकडेमोड करत बसावे लागत नाही. ट्रान्सफर फंक्शन हाताशी असेल, तर मोजक्या सरळ रेषांवरून आलेख उभा राहतो.

याचे मूळ लॉगरिदममध्ये आहे. डेसिबेल म्हणजे गुणोत्तराच्या लॉगची वीसपट. गुणाकाराचा लॉग घेतला की त्याची बेरीज होते. त्यामुळे ट्रान्सफर फंक्शनचे अवयव पाडले की प्रत्येकाचा आलेख वेगळा काढून शेवटी सगळ्यांची बेरीज करता येते. फेजची तर बेरीजच होत असते. आडव्या अक्षावरही वारंवारता लॉग प्रमाणात घेतात, म्हणून हे काम सेमीलॉग कागदावर करतात. त्यावर 1 ते 10 आणि 10 ते 100 ही अंतरे सारखी असतात. अशा दहापटीच्या टप्प्याला डेकेड म्हणतात.

उदाहरण म्हणून मोटरने एखादी तबकडी हव्या त्या कोनात वळवून ठेवणारी यंत्रणा घेऊ. तिचे खुल्या लूपचे ट्रान्सफर फंक्शन असे आहे :

G(s) = 200 / [s(s + 2)(s + 20)]

पहिली पायरी म्हणजे प्रत्येक कंसातील स्थिरपद 1 करून घेणे. पहिल्या कंसातून 2 आणि दुसऱ्यातून 20 बाहेर काढले की 200 ला 40 ने भागावे लागते :

G(s) = 5 / [s(1 + s/2)(1 + s/20)]

आता अवयव चार झाले. 5 हा स्थिरांक आहे. 20 log 5 म्हणजे जवळपास 14 डेसिबेल, त्यामुळे त्याची रेषा सर्वत्र 14 वर आडवी राहते. 1/s ची रेषा वारंवारता दहापट झाली की 20 डेसिबेलने उतरते आणि 1 रेडियन प्रति सेकंदाला शून्यातून जाते. त्याची फेज कायम उणे 90 अंश असते.

उरलेल्या दोन कंसांचे वागणे सारखेच आहे. वारंवारता 2 पेक्षा खूप कमी असेल तर s/2 नगण्य ठरतो आणि कंसाचे मूल्य 1, म्हणजे शून्य डेसिबेल राहते. वारंवारता 2 पेक्षा खूप जास्त असेल तर उलट 1 नगण्य ठरतो आणि दर डेकेडला 20 डेसिबेल उतरणारी रेषा मिळते. या दोन रेषा म्हणजे त्या कंसाच्या अनंतस्पर्शी रेषा. त्या नेमक्या 2 वर भेटतात, आणि हीच त्या कंसाची कॉर्नर वारंवारता. दुसऱ्या कंसाची 20 आहे. कंस अंशात असता तर रेषा तितक्याच उताराने वर चढली असती.

बेरीज डावीकडून सुरू करतात. वारंवारता 0.1 असताना रेषा 34 डेसिबेलवर असते. दर डेकेडला 20 ने उतरत ती 1 ला 14 वर आणि 2 ला 8 वर येते. तिथे पहिला कंस सामील होतो आणि उतार 40 चा होतो, म्हणून 20 ला रेषा उणे 32 वर पोहोचते. त्यापुढे उतार 60 चा.

खरी वक्ररेषा या तुकड्यांना धरूनच जाते, पण कोपऱ्यांवर गोलाई घेते. कॉर्नर वारंवारतेला ती सरळ रेषेच्या 3 डेसिबेल खाली असते. तिच्या निम्म्या आणि दुप्पट वारंवारतेला जेमतेम 1 डेसिबेल खाली. त्यामुळे 2 ला खरे मूल्य 8 नसून सुमारे 5 भरते. 4 ला रेषा उणे 4 दाखवते आणि खरे मूल्य उणे 5 च्या आसपास येते. या दोन बिंदूंमधून वक्ररेषा सुमारे 2.8 ला शून्य डेसिबेल ओलांडते.

फेजसाठीही प्रत्येक कंसाला सरळ रेषा असते. कॉर्नरच्या एक दशांशापर्यंत फेज शून्य धरतात आणि दहापटीनंतर उणे 90. मधल्या दोन डेकेडमध्ये ती दर डेकेडला 45 अंश उतरते. प्रत्यक्ष मूल्यापासून ही रेषा जास्तीत जास्त सहाएक अंश ढळते. या यंत्रणेत फेज 0.2 पर्यंत उणे 90 राहते आणि 2 ला उणे 135 होते. तिथून दोन्ही कंसांचा उतार एकत्र येतो, म्हणून 20 ला उणे 225, आणि 200 नंतर उणे 270.

2.8 ला ही रेषा सुमारे उणे 148 दाखवते. म्हणजे उणे 180 ला पोहोचायला 32 अंश शिल्लक आहेत. आर्कटॅन वापरून काढले तर 27 अंश येतात. या शिलकीला फेज मार्जिन म्हणतात. लूप बंद केल्यावर ही यंत्रणा स्थिर राहील, मात्र तबकडी जागेवर बसण्यापूर्वी काही हेलकावे खाईल, हे त्यावरून कळते.

सर्वात महागात पडणारी चूक पहिल्या पायरीवर होते. कंसातील स्थिरपद 1 न करता 200 हाच स्थिरांक धरला, तर सुरुवात 14 ऐवजी 46 डेसिबेलवरून होते. सगळी रेषा 32 डेसिबेलने वर सरकते, शून्य 20 ला ओलांडले जाते आणि तिथे फेज उणे 225 असल्याने धडधाकट यंत्रणा अस्थिर ठरते. ही चूक पकडायला एकच पडताळा पुरतो. मूळ सूत्रात 0.1 घातले की कंसांची मूल्ये जवळपास 2 आणि 20 राहतात. 200 ला 0.1, 2 आणि 20 या तिन्हींनी भागले की 50 येते, म्हणजेच 34 डेसिबेल. रेषा तिथून जात नसेल तर स्थिरांक चुकला आहे.

दोन ठिकाणी मात्र सरळ रेषांवर विसंबता येत नाही. पहिले म्हणजे कमी दमन असलेला द्विघाती अवयव. त्याच्या रेषांत कॉर्नरला फक्त उतार बदलतो, पण दमन गुणोत्तर 0.1 असेल तर खरी वक्ररेषा तिथे 14 डेसिबेल वर उसळते. तो उंचवटा वेगळा काढावाच लागतो. दुसरे म्हणजे विलंब. संकेत नुसता उशिरा पोहोचत असेल तर डेसिबेलच्या आलेखात काहीच फरक दिसत नाही, फेज मात्र वारंवारतेबरोबर घसरत जाते. वरच्या यंत्रणेत 0.1 सेकंदाचा विलंब आला तर 2.8 ला आणखी 16 अंश जातात आणि 27 अंशांचे मार्जिन 11 वर येते. म्हणून ट्रान्सफर फंक्शनमध्ये विलंबाचे पद असेल तर त्याची फेज सूत्राने काढून रेषांच्या बेरजेत मिळवतात.