आजोबांचा वाघ तमिळ बोलायला लागला तर

दुपारची जेवणं आटोपली की आजोबा वन्यप्राण्यांचा चॅनेल लावून बसतात. कालपर्यंत वाघाची गोष्ट मराठीत चालली होती, आज निवेदक तमिळमध्ये बोलतोय. नातू पुढे सरसावतो, टीव्हीचा रिमोट उचलतो आणि AUDIO असं लिहिलेलं बटण दाबतो. पडद्यावर कसलीशी पट्टी येऊन जाते. वाघ तमिळच राहतो.

चूक बटणाची नाही, रिमोटची आहे.

बहुभाषी चॅनेल चित्र एकच पाठवतो, पण त्याच्यासोबत तीन-चार किंवा त्याहून जास्त आवाज एकाच वेळी घरापर्यंत येत असतात. त्यांतला एक निवडून बाकीचे बाजूला ठेवणं हे सेट-टॉप बॉक्सचं काम. बॉक्समधून टीव्हीकडे जाणाऱ्या एचडीएमआय केबलमध्ये निवडलेला तेवढा एकच आवाज असतो. म्हणजे टीव्हीपर्यंत मराठी पोहोचतच नाही, मग त्याच्या रिमोटने ती येणार कुठून? बटण दाबायचं ते बॉक्सच्या रिमोटवरचं. काहींवर AUDIO, काहींवर LANG असं छापलेलं असतं. काही बॉक्समध्ये चॅनेलची माहितीपट्टी उघडली की भाषांची यादी दिसते. अपवाद एकच: डिशची किंवा केबलची वायर थेट टीव्हीत खोचलेली असेल आणि ट्यूनर टीव्हीच्या पोटातच असेल, तर मात्र टीव्हीचाच रिमोट चालतो.

यादी उघडली तरी तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. प्रत्येक आवाजाला प्रक्षेपणातच तीन अक्षरांची चिठ्ठी जोडलेली असते: मराठीला mar, हिंदीला hin, तमिळला tam. बॉक्स ही चिठ्ठी वाचतो आणि भाषेचं नाव दाखवतो. आवाज ऐकून भाषा ओळखण्याची अक्कल त्याला नाही. पलीकडे कुणी चुकीची चिठ्ठी चिकटवली, की यादीत ‘मराठी’ दिसतं आणि कानावर हिंदी पडते. एखादा भाग मराठीत डब झालेलाच नसेल तर मराठीच्या जागी हिंदी आवाज सोडून दिला जातो, असंही होतं. जाहिराती तर बऱ्याचदा सगळ्या ट्रॅकवर एकाच भाषेत असतात. म्हणून पारख जाहिरातीवर करू नये. कार्यक्रम सुरू झाल्यावर निवेदकाची दोन-चार वाक्यं ऐकावीत आणि मग ठरवावं.

आजोबांच्या घरी नातवाने बॉक्सच्या रिमोटने मराठी लावून दिली, आजोबांनी बातम्या पाहून परत यावं तर पुन्हा तमिळ. काही बॉक्स अशी निवड त्या बसण्यापुरतीच धरतात. त्यावर उपाय बॉक्सच्या सेटिंगमध्ये असतो. तिथे आवडीची भाषा एकदा मराठी करून ठेवली, की ज्या चॅनेलवर mar ची चिठ्ठी आहे तिथे बॉक्स आपणहून तीच उचलतो. चिठ्ठीच नसेल तर तो सहसा यादीतला पहिला आवाज लावतो, मग तो कुठल्याही भाषेतला असो.

भाषा बदलल्यावर आवाजच गायब झाला, तर तो ट्रॅक डॉल्बीचा असण्याची शक्यता मोठी. जुन्या टीव्हीला तो उलगडता येत नाही. बॉक्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये PCM किंवा Stereo निवडलं की आवाज बहुतेक परत येतो.

ओटीटीवर रिमोटची भानगड नाही, पण तिथे वेगळीच मेख आहे. राजामौलींचा ‘आरआरआर’ मुळात तेलुगू. मे 2022 मध्ये तो घरच्या पडद्यावर आला तेव्हा हिंदी आवृत्ती नेटफ्लिक्सवर गेली आणि तेलुगू, तमिळ, कन्नड, मल्याळम या आवृत्त्या झी5वर. नेटफ्लिक्सवर Audio & Subtitles उघडून कितीही शोधलं तरी मूळ तेलुगू हाती लागत नव्हती. सेटिंगचा यात काही संबंध नव्हता, भाषांचे हक्कच वेगवेगळे विकले गेले होते. सिनेमा आपल्या भाषेत आहे एवढं ऐकून वर्गणी भरणाऱ्यांनी आधी ती भाषा नेमकी कुठल्या ॲपवर आहे, हे पाहिलेलं बरं.

प्रवासासाठी सिनेमा डाउनलोड करताना आणखी एक गोष्ट. ॲप सगळ्या भाषा सोबत उतरवून देईलच असं नाही, त्यामुळे निघण्यापूर्वी फोनचं इंटरनेट बंद करून भाषा एकदा बदलून पाहावी.

आणि यादीत मराठी असूनही हिंदीच ऐकू येत असेल, तर बॉक्सशी झटापट करत बसू नका. डीटीएच किंवा केबल कंपनीला चॅनेलचा क्रमांक, यादीत दिसलेलं भाषेचं नाव, प्रत्यक्षात ऐकू आलेली भाषा आणि वेळ, एवढ्या चार गोष्टी कळवा. चूक प्रक्षेपणातली असेल तर ती तिकडूनच दुरुस्त होते.