शॉवरचा पडदा अंगाशी का येतो?

शॉवर सुरू केला की थोड्याच वेळात पडदा आत फुगतो आणि ओल्या पोटरीला चिकटतो. गरम हवा वर जाते, तिची जागा घ्यायला बाहेरची थंड हवा खालून आत शिरते आणि पडदा ढकलते, हे त्याचं नेहमी दिलं जाणारं कारण. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. थंड पाण्याने आंघोळ केली तरी पडदा आत येतोच.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातले प्राध्यापक डेव्हिड श्मिट यांनी शॉवरखालच्या जागेचे संगणकावर सुमारे ५० हजार कप्पे पाडले आणि त्यातली हवा कशी फिरते याचं गणित मांडलं. घरच्या संगणकाला ते सोडवायला दोन आठवडे लागले. पडणारे थेंब हवेलाही सोबत ओढतात, त्यातून हवेचा एक आडवा भोवरा तयार होतो आणि भोवऱ्याच्या मध्यभागी दाब कमी असतो. पडदा त्या दाबाकडे खेचला जातो. या ‘अंशतः’ उत्तरासाठी त्यांना २००१ साली इग नोबेल मिळालं. हा पुरस्कार आधी हसवणाऱ्या आणि मग विचारात पाडणाऱ्या संशोधनाला देतात.

पडदा ओढणारं हे बळ अगदी थोडं असतं. हलका पडदा त्याला बळी पडतो, जड पडदा जागचा हलत नाही. म्हणून खालच्या काठाला वजन हवं. परदेशी पडद्यांच्या काठात चुंबक शिवलेले असतात, पण ते लोखंडी टबलाच धरतात. आपल्या टाइल्सवर त्यांचा उपयोग तेवढ्या वजनापुरताच. त्यापेक्षा काठाच्या दुमडीत स्टेनलेस स्टीलची बारीक साखळी ओवून घ्यावी. पडद्याच्या एका टोकाला चार बोटं फट ठेवली तर दोन्हीकडचा दाब थोडा सारखा होतो. मात्र ही फट फवाऱ्याच्या तोंडासमोर नको.

दांडीचं माप घेताना मुंबईतल्या नेहमीच्या फ्लॅटमधलं चार फूट रुंदीचं बाथरूम धरू. शॉवरच्या जागेभोवती दहा सेंटिमीटर उंच उंबरा आहे आणि बाजारात सहज मिळणारा १८० सेंटिमीटर लांब-रुंद पडदा घ्यायचा आहे. दांडी साधारण १२० सेंटिमीटरची, म्हणजे पडदा तिच्या दीडपट रुंद झाला. चुण्या पडायला एवढा पुरे. पडद्याचा काठ उंब-याच्या आतल्या बाजूला, जमिनीपासून पाच सेंटिमीटरवर थांबायला हवा. पाच अधिक १८० आणि कड्यांचे चार, म्हणजे दांडी १८९ सेंटिमीटर उंचीवर. ती उंब-यावर नको, त्याच्या दोन-तीन बोटं आत हवी. बाहेर वळलेली दांडी कोपराला जागा देते खरी, पण ती टबासाठी आहे. सरळ उंबरा असेल तर मधला पडदा बाहेर लोंबतो आणि पाणी थेट कोरड्या फरशीवर येतं. स्प्रिंगची दांडी गुळगुळीत टाइलवर हळूहळू घसरते. साखळी लावलेल्या ओल्या पडद्यासाठी भिंतीत स्क्रूने बसवलेली दांडी घ्यावी.

टब असलेल्या घरात दोन पडदे लागतात: टबाच्या आत पाणी अडवणारं प्लॅस्टिकचं अस्तर आणि बाहेर शोभेचं कापड. आपल्याकडे टब नाही, त्यामुळे अस्तराचा खटाटोप नको. घट्ट विणीचा, पाणी न धरणारा जाड पॉलिएस्टरचा एकच पडदा पुरतो. पॉलिएस्टरचा धागा पाणी जवळजवळ शोषत नाही, सुती कापड शोषतं आणि पावसाळ्यात दिवसभर ओलं राहतं. स्वस्त पीव्हीसीला नवेपणी उग्र वास येतो आणि पातळ असेल तर तेच सगळ्यात जास्त फुगतं.

बुरशीला लागतो ओलावा आणि साबण-तेलकटपणाचा थर. म्हणून काळे ठिपके आधी खालच्या दुमडीत आणि चुण्यांच्या आत दिसतात. आंघोळ झाल्यावर पडदा झटकून पूर्ण पसरून ठेवा. बाजूला गोळा करून ठेवला की चुण्या वाळत नाहीत. एक्झॉस्ट पंखा पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा. दुमडीची दोन्ही टोकं शिवून बंद केलेली असतील तर उसवा, आत साचलेलं पाणी तिथून निघेल.

दर महिन्याला कड्या आणि साखळी काढून पडदा एखाद्या जुन्या टॉवेलसोबत मशीनमध्ये कोमट पाण्यात धुवा. टॉवेलाच्या घासण्याने साबणाचा थर सुटतो. पडदा पांढरा असेल आणि डाग राहिलेच, तर एक भाग ब्लीच दहा भाग पाण्यात मिसळून दहा मिनिटं भिजवा आणि खळखळून धुवा. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडास धुण्याचं ॲसिड कधीही मिसळू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.