सोनोग्राफीत गर्भाच्या सॅकजवळ रक्त साठलेले दिसले: याचा अर्थ काय आणि झोपून राहिल्याने फायदा होतो का?

गरोदरपणाच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये कधीकधी ‘सबकोरिऑनिक हिमॅटोमा’, ‘सबकोरिऑनिक हॅमरेज’ किंवा ‘पेरिसॅक कलेक्शन’ असे शब्द लिहिलेले असतात. घरी आल्यावर ते वाचून सगळेच घाबरतात. काही जणींना स्पॉटिंग झालेले असते. काहींना कसलाच त्रास नसतो आणि रक्त फक्त सोनोग्राफीतच दिसते.

हे रक्त येते कुठून?

सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भ एका पाण्याच्या छोट्या पिशवीत वाढत असतो. तिला सॅक म्हणतात. सॅकच्या बाहेरच्या आवरणाचे नाव कोरिऑन. पुढे त्याच्याच एका भागातून वार तयार होते. हे आवरण गर्भाशयाच्या अस्तरात रुजत असताना त्याची एखादी कड थोडी सुटते आणि तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त येते. ते आवरण आणि गर्भाशयाची भिंत यांच्यामध्ये साठते. सोनोग्राफीत ते सॅकच्या कडेला चंद्रकोरीसारखे काळपट दिसते.

रक्त सॅकच्या बाहेर आहे, गर्भाच्या अंगातून आलेले नाही, हे आधी लक्षात घ्या. बहुतेक वेळा त्याचे नेमके कारण सापडत नाही. जिना चढणे, पाण्याची बादली उचलणे, पपई खाणे किंवा स्कूटरवर बसणे यामुळे ते झालेले नसते. त्यासाठी स्वतःला किंवा घरातल्या कोणाला दोष देऊ नका.

रिपोर्टमध्ये काय बघायचे?

समजा, तुमच्या रिपोर्टमध्ये असे आहे: गर्भ ७ आठवडे २ दिवसांचा, सीआरएल म्हणजे गर्भाची लांबी ११ मि.मी., हृदयाचे ठोके मिनिटाला १४०, सॅकच्या खालच्या बाजूला १६ × ५ मि.मी. रक्त साठलेले.

यातली सर्वांत महत्त्वाची ओळ हृदयाच्या ठोक्यांची आहे. गर्भाची लांबी आठवड्यांशी जुळते आहे आणि ठोके नीट चालू आहेत. या टप्प्यावर ठोके दिसले, तर रक्तस्राव झालेला असतानाही दहापैकी साधारण नऊ गर्भधारणा पुढे चालू राहतात.

त्यानंतर रक्ताचा आकार सॅकच्या तुलनेत किती आहे ते पाहा. नुसता १६ हा आकडा वाचून काही कळत नाही. साधारणपणे सॅकच्या परिघाच्या २० टक्क्यांपेक्षा कमी भागाला लागून असेल तर तो लहान समजतात आणि निम्म्याहून जास्त भाग वेढलेला असेल तर मोठा. आपल्या उदाहरणात रक्त सॅकच्या कडेला एका छोट्या भागात असेल, तर ते लहान. असा छोटा साठा एकट्याने फार धोका वाढवत नाही. मोठा साठा असेल, तर गर्भपाताची शक्यता वाढते आणि तपासण्या जास्त वेळा कराव्या लागतात. पण मोठा साठा असूनही अनेक बाळे सुखरूप जन्मतात.

ठोके अजून दिसले नसतील किंवा गर्भाची लांबी आठवड्यांच्या मानाने कमी असेल, तर त्याच रिपोर्टवरून निष्कर्ष काढू नका. पाळीच्या तारखेत फरक असू शकतो. डॉक्टर ७ ते १४ दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी करायला सांगतील.

पुढे त्या रक्ताचे काय होते?

एकतर ते हळूहळू शरीरात विरघळून जाते किंवा योनिमार्गे बाहेर येते. म्हणून पुढचे काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे, तपकिरी किंवा चहाच्या रंगाचे डाग दिसू शकतात. तपकिरी म्हणजे जुने रक्त. ते आतला साठा रिकामा होत असल्याचे लक्षण असू शकते. बहुतेक छोटे साठे पाचव्या महिन्याच्या आत दिसेनासे होतात. दर चार दिवसांनी सोनोग्राफी करून ते लवकर जात नाही, काळजी मात्र वाढते.

मग झोपून राहायचे का?

आपल्याकडे अजूनही ‘पूर्ण बेडरेस्ट’ सांगितली जाते. कुठे पायांकडच्या बाजूला पलंगाखाली विटा ठेवतात, कुठे संडासलाही उठू देत नाहीत. यामागचा समज असा की, उभे राहिल्यावर गर्भ खाली सरकेल. पण गर्भाशय हा जाड स्नायूंचा अवयव आहे. सॅक त्याच्या आत रुजलेली असते, ती तुमच्या चालण्याने सुटत नाही.

बेडरेस्टने गर्भपात टळतो का, यावर झालेले अभ्यास एकत्र तपासून कॉक्रेन या संस्थेने आढावा घेतला, तेव्हा फायद्याचा पुरावा मिळाला नाही. याउलट दिवसेंदिवस झोपून राहण्याचे तोटे माहीत आहेत: पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका गरोदरपणात आधीच जास्त असतो, तो आणखी वाढतो. बद्धकोष्ठता होते, स्नायू अशक्त होतात, पगार बुडतो आणि मन सारखे त्याच विचारात राहते.

म्हणून घरातली नेहमीची कामे, ऑफिस, सावकाश चालणे चालू ठेवायला हरकत नाही. रक्त जात असेपर्यंत जड वजन उचलणे आणि दमवणारा व्यायाम टाळा. याने रक्त थांबतेच असा पुरावा नाही, पण तेवढ्याने नुकसानही होत नाही. रक्त थांबेपर्यंत संबंध टाळायला बरेच डॉक्टर सांगतात. थकवा आला तर जरूर आडवे व्हा. मात्र झोपून न राहिल्यामुळे गर्भ गेला, असे कोणी म्हटले तर ते खरे नाही.

औषधांचा उपयोग होतो का?

साठलेले रक्त विरघळवणारे औषध नाही. प्रोजेस्टेरॉनबद्दल ब्रिटनमध्ये ४,१५३ स्त्रियांवर ‘प्रिझम’ हा अभ्यास झाला आणि २०१९ साली त्याचे निष्कर्ष आले. रक्तस्राव झालेल्या सगळ्या स्त्रियांना मिळून पाहता त्याचा ठोस फायदा दिसला नाही. पण ज्यांचा आधी गर्भपात झाला होता आणि आता रक्तस्राव होत होता, त्यांना योनिमार्गे दिलेल्या प्रोजेस्टेरॉनचा फायदा दिसला. म्हणून तुमचा आधी गर्भपात झाला असेल, तर डॉक्टरांना ते स्पष्ट सांगा. अॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी इंजेक्शने चालू असतील, तर ती स्वतःहून बंद करू नका, आधी विचारा. रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल, तर रक्तस्राव झाल्याबरोबर तेही कळवा, कारण अॅन्टी-डी इंजेक्शन लागू शकते.

ताबडतोब दवाखान्यात कधी जायचे?

• तासाला एक पॅड पूर्ण भिजत असेल आणि असे सलग दोन तास झाले असेल
• पोटात तीव्र दुखत असेल, विशेषतः एका बाजूला
• चक्कर येऊन पडल्यास, डोळ्यांपुढे अंधारी आल्यास किंवा खांद्यात दुखू लागल्यास
• ताप, थंडी किंवा दुर्गंधीयुक्त स्राव असल्यास
• मांसासारखा तुकडा बाहेर पडल्यास (शक्य असल्यास स्वच्छ डब्यात घालून सोबत न्या)

हे काहीही नसेल, डाग फिकट किंवा तपकिरी असतील आणि ठोके दिसलेले असतील, तर ठरलेल्या तारखेपर्यंत थांबणे सुरक्षित आहे. टॅम्पून वापरू नका, पॅड वापरा, म्हणजे रक्त किती गेले ते सांगता येईल. पुढच्या भेटीला जाताना जुना रिपोर्ट सोबत न्या. रक्ताचा साठा कमी झाला का आणि बाळ वाढले का, हे दोन रिपोर्ट शेजारी ठेवूनच कळते.